तीनची गाडी आणि तीन वीसची ऑर्डर

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी साठवणीच्या बराखीतला कांदा निवडत होते. पलीकडून गुंतवणूक मंडळाचे सर बोलत होते. त्यांच्या मुलांनी शेअरबाजारासाठी एक स्ट्रॅटेजी बांधली होती, दहा वर्षांच्या बॅकटेस्टमध्ये तिचा निकाल फार झकास आला होता, आणि येत्या सोमवारपासून ती खऱ्या पैशांनी चालवायची होती. त्याआधी शुक्रवारी मी येऊन मुलांशी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. "विषय तुम्हीच ठरवा मॅडम, फक्त जरा प्रेरणादायी ठेवा," सर म्हणाले.

मला प्रेरणादायी बोलता येत नाही. घरात कुणालाही विचारा. मी सरांना तिथल्या तिथे विषय सांगितला: बॅकटेस्टमध्ये पास झालेल्या बहुतेक स्ट्रॅटेजी खऱ्या पैशांवर नापास का होतात. सर म्हणाले, चालेल, पण शेवट पॉझिटिव्ह करा.

बॅकटेस्ट ही गोष्ट सोपी आहे. शेअर कधी घ्यायचा आणि कधी विकायचा याचा एक नियम ठरवायचा. तो गेल्या काही वर्षांच्या भावांवर चालवून बघायचा आणि तेव्हा हा नियम पाळला असता तर काय झालं असतं ते काढायचं. गावी लोणीला परत येण्याआधी मी बारा वर्षं पुण्यात एका ब्रोकरकडे हेच काम केलं. गिऱ्हाइकांना दाखवायचे आलेख मी बनवायचे. रेघ डावीकडून खालून निघून उजवीकडे वर गेली पाहिजे, एवढीच अपेक्षा असायची. नाही गेली तर नियमात थोडा फरक करून पुन्हा चालवायचं, जाईपर्यंत चालवायचं. त्यात आकडा खोटा एकही नसायचा, आणि किती वेळा चालवून बघितलं हे विचारणाराही कुणी नसायचा. मी त्याचा पगार घेतला आहे, त्यामुळे या विषयावर मी सोवळं नेसून बोलत नाही. पण बोलायचं थांबणारही नाही.

शुक्रवारी दीडचा कार्यक्रम होता. मी लवकर पोचले तर मंडळाची सेक्रेटरी चहा घेऊन आली. शेवटच्या वर्षाला असलेली, संख्याशास्त्र घेतलेली, शिनोलीच्या पुढच्या डोंगरातल्या वाडीतली मुलगी. ती रोज एसटीने येऊन-जाऊन करायची. सगळी बॅकटेस्ट तिनेच रविवारी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून लिहिली होती. हुशार होती, आणि हुशार असल्याची तिला लाजही वाटत नव्हती, ते मला आवडलं.

"पैसे कुणाचे?" मी विचारलं.

"चाळीस जणांचे दोन-दोन हजार. आन् माझे पंचेचाळीस."

"पंचेचाळीस हजार? कुठून आणले?"

"दोन सीझन द्राक्षाच्या पॅकहाऊसला व्हते. पुढल्या वर्षी पुण्याला एमएस्सीला जायचंय, त्याच्या अ‍ॅडमिशनचे हायत. वर्षात वाढले की हॉस्टेलचं पण भागंल."

"अकाउंट कुणाच्या नावावर?"

"माझ्याच. मंडळाच्या नावावर निघत न्हाई म्हणले सर."

मी कप खाली ठेवला. चाळीस पोरांचे पैसे आणि स्वतःचं पुढचं वर्ष, सगळं एका पोरीच्या नावावर जाणार होतं. तोटा झाला तर हिशेब तिला मागणार, कर तिच्या नावावर लागणार, आणि पुण्याची वाटही तिचीच बंद होणार. यातलं काहीही सरांच्या डोक्यात आलेलं नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत. उत्साही माणूस आहेत, आणि दुसऱ्याच्या पैशांवर उत्साह फार स्वस्त पडतो.

हॉलमध्ये फुलं होती, फलक होता, प्रोजेक्टर होता. सरांनी तो आलेख पडद्यावर टाकला तेव्हा टाळ्या झाल्या. रेघ डावीकडून खालून निघून उजवीकडे वर गेली होती. मला पुण्यातल्या माझ्या जुन्या टेबलाची आठवण आली. मग सरांनी जाहीर केलं की सोमवारी अकरा वाजता नारळ फुटेल आणि प्राचार्यांच्या हस्ते खरेदीचं पहिलं बटण दाबलं जाईल.

मला बोलायला उभं केलं तेव्हा मी पहिला प्रश्न सेक्रेटरीलाच विचारला. "तुझा नियम कधी खरेदी करतो?"

"बंद भाव वीस दिवसांतला सगळ्यात वरचा असंल, आन् दिवसाचा व्हॉल्यूम सरासरीच्या दुप्पट असंल, तर बंद भावाला."

"मग अकरा वाजता नारळ कसला फोडताय? अकरा वाजता बंद भाव असतो का?"

मुलं हसली. सर म्हणाले, प्राचार्यांना त्याच वेळी सवड आहे. मी म्हटलं, बघा, पहिल्याच दिवशी, पहिल्याच ऑर्डरला नियम मोडला. दहा वर्षांच्या बॅकटेस्टमध्ये एकदाही प्राचार्यांची सवड बघावी लागली नव्हती.

आणि बंद भाव तरी काय असतो, ते मी त्यांना सांगितलं. आपल्याकडे अशा शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी. साडेतीनला बाजार थांबल्यावर ती निघते. दिवसाचा व्हॉल्यूम, म्हणजे एकूण किती शेअरचे सौदे झाले, तोही तेव्हाच पुरा कळतो. म्हणजे टेस्ट करणारी पोरगी आधी निकाल बघते आणि मग मागे जाऊन त्याच भावाला खरेदी करते. पेपर फुटल्यावर परीक्षेला बसण्यातला हा प्रकार आहे.

"ते मला ठाऊक हाये," ती उठून म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "म्हणून आमी तीन वीसला भाव बघून ऑर्डर टाकणार हाओत. थोडाच फरक पडंल."

"थोडाच म्हणजे किती, ते मोजलंस?"

तिनं मोजलं नव्हतं. पण ती खाली बसली नाही, उभीच राहिली, आणि पुढचा सगळा वेळ माझं भाषण असं राहिलंच नाही. मी विचारायचे, ती उत्तर द्यायची, बाकीची पोरं बैलगाडा शर्यतीच्या घाटावर बसल्यासारखी दोन्हीकडे माना फिरवत होती.

"नियम ठरवायच्या आधी किती प्रकार करून बघितले?"

तिनं दप्तरातून प्रॅक्टिकलचं जर्नल काढलं. प्रत्येक प्रयत्न तिनं नोंदवलेला होता. वीस दिवसांऐवजी पंधरा, तीस, पन्नास. व्हॉल्यूम दीडपट, दुप्पट, तिप्पट. "तीनशे बारा," ती म्हणाली. हॉलमध्ये कुणालाच हे माहीत नव्हतं, सरांनाही. त्यांना तीनशे बारावा आलेख तेवढा माहीत होता.

मी तिचं जर्नल वर धरून सगळ्यांना दाखवलं, कारण बारा वर्षांत मी स्वतः असली नोंद एकदाही ठेवली नव्हती. तीनशे बारा चाव्या लावून बघितल्या तर एखादी नशिबानं बसणारच. ती कुलपाची चावी आहे की नुसती अडकलीय, हे त्याच कुलपावर कळत नाही. ज्या वर्षांवर बघून नियम निवडला, त्याच वर्षांवर तो पास झाला म्हणून पेढे वाटायचे नसतात. काही वर्षं आधीच झाकून बाजूला ठेवायची, नियम पक्का झाल्यावर एकदाच उघडायची, आणि मग पुन्हा नियमाला हात लावायचा नाही.

"शेअरची यादी कुठून घेतली?"

"छोट्या कंपन्यांच्या इंडेक्समधून."

"आजच्या?"

"आजच्या."

मी म्हटलं, माझ्या घरची बराख बघायला या. चैत्रात कांदा भरतो. आता श्रावण आहे, रोज सडका काढून बांधावर टाकतोय. दिवाळीला कुणी येऊन उरलेला कांदा बघितला तर म्हणेल, वा, बराखीत कांदा टिकतो की. बांधावर फेकलेला त्याला कुठं दिसतो? दहा वर्षांपूर्वी या यादीत होत्या आणि नंतर बुडाल्या, बंद पडल्या, इंडेक्सातून काढल्या, त्या कंपन्या तुमच्या टेस्टमध्ये नाहीतच. टिकलेल्या कांद्यावरच तुम्ही दहा वर्षं खरेदी केलीत.

मागून एक पोरगा म्हणाला, "आयला, खरंय राव." सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे. दोन वाजून गेले होते. त्यांनी मला हळूच चिठ्ठी पाठवली: समारोप करावा. मी ती चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बोलत राहिले. कधी कधी मला माझा स्वभाव फार आवडतो.

बाजार चालू होता, म्हणून मी तिला त्या दिवशीचा नियमात बसत आलेला एखादा शेअर पडद्यावर लावायला सांगितलं. एक छोटी केमिकल कंपनी निघाली. पैसे पाच शेअरमध्ये वाटायचे होते, त्या हिशेबानं हिचे एकशे अठरा शेअर घ्यायचे होते. मी विकणाऱ्यांची रांग उघडायला लावली. सगळ्यात स्वस्त भावाला बारा शेअर होते. त्याच्या वरच्या भावाला नऊ. मग वीस, मग पाच, मग तीस, प्रत्येक वेळी भाव वर सरकलेला. पाच ओळी संपल्या, शेअर झाले शहात्तर.

"तुझ्या टेस्टनं सगळे एकशे अठरा एका भावाला घेतले असते," मी म्हणाले. "आळेफाट्याच्या बाजाराला कांदा नेता ना तुम्ही लोक? पेपरात उच्चांकी भाव छापून येतो. तो कुणाला मिळालेला असतो?"

"एखाद्या वक्कलाला, एखाद्याच ढिगाला," तोच मागचा पोरगा म्हणाला. "एक नंबर मोठ्या गोळ्याला. आमच्या बारक्या गोल्टीला कोण इचारतं."

"बस. टेस्टमध्ये तुमची सगळी गोल्टी गोळ्याच्या भावानं गेलीय."

मग खर्च. दलाली, दोन्ही बाजूंचा व्यवहार कर, जीएसटी, स्टॅम्प, आणि विकताना दर वेळी डीमॅटचे ठरलेले रुपये. एकेका सौद्याला हे किरकोळ वाटतं. पण त्यांचा नियम पाच-पाच दिवसांत आत-बाहेर करणारा होता, आणि बाजार काहीही करो, हे पैसे जाणारच होते. तिच्या टेस्टमध्ये त्यासाठी एकही ओळ नव्हती. सर आता पुढच्या रांगेतून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "मॅडम, मुलांचं मनोधैर्य," ते म्हणाले.

मी माईक तोंडापासून दूर न नेताच म्हणाले, "सर, मनोधैर्य नव्हं, पंचेचाळीस हजार चाललेत एका पोरीचे. तुमी किती घातलेत?"

मला त्यांना दुखवायचं होतं का? हो, त्या वेळी होतं. अजूनही त्याचा पश्चात्ताप होत नाही.

मी तिला सौद्यांची यादी उघडायला लावली आणि तोट्याचे सौदे वर आणायला सांगितले. सगळ्या तोट्यांवर एकच आकडा होता: चार टक्के. खरेदीपासून भाव चार टक्के पडला की विकायचं, असा तिचा नियम होता. मी त्यातला एक सौदा निवडला आणि त्या आठवड्याचे भाव काढले. शेअर सकाळी उघडला तोच थेट पाच टक्के खाली, खालच्या सर्किटला. म्हणजे त्या दिवशी त्याहून खाली जायची मुभा नाही, आणि त्या भावाला घेणारा कुणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा भाव सोळा टक्क्यांहून जास्त पडला होता.

"तुझ्या टेस्टनं पहिल्या दिवशी चार टक्क्यांवर विकला," मी म्हणाले. "कुणाला इकला?"

ती पडद्याकडे बघत राहिली. चार टक्क्यांचा भाव त्या दिवशी झालाच नव्हता. तिचे कान लाल झाले होते आणि मला तिची दया आली, पण दया दाखवायची ती वेळ नव्हती.

मग ती म्हणाली, "मॅडम, तुमी सगळं इचारलंत. आता मी इचारू? तुमी स्वतःच्या पैशानं केलं व्हतं का? काय झालं?"

सरांना बरं वाटलं असावं, ते लगेच बसले. मलाही बरं वाटलं. हा प्रश्न मला पुण्यातल्या एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

मी सांगितलं. नोकरी सोडल्यावर मी माझ्या हातचा सगळ्यात चांगला नियम घेतला आणि स्वतःची पुंजी लावली. या सगळ्या चुका मला माहीत होत्या, म्हणून त्या काढून टाकल्या होत्या. खर्च धरला होता, बुडालेल्या कंपन्या धरल्या होत्या, झाकलेली वर्षंही तपासली होती. या नियमात लागोपाठ अकरा सौदे तोट्यात जाऊ शकतात, असं मीच माझ्या हातानं अहवालात लिहिलं होतं. खऱ्या पैशांवर लागोपाठ सात गेले आणि मी बंद केलं. सातव्या सौद्याच्या दिवशी जेवण गेलं नाही. बहिणीवर विनाकारण ओरडले. त्यानंतरच्या तिसऱ्या सौद्यानं सगळं भरून निघालं असतं. मी त्यात नव्हते.

"म्हंजे नियम बरोबर व्हता," ती म्हणाली.

"नियम बहुतेक बरोबर व्हता. मी चुकले. पण पैसे तर माझेच गेले ना?"

दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. तिनं घड्याळ बघितलं, चटकन जर्नल दप्तरात टाकलं आणि खुर्च्यांमधून निघाली. "मॅडम, माफ करा, माझी भीमाशंकरकडची गाडी हाये. तीनची. ती गेली की मग सहालाच हाये."

"रोज त्याच गाडीनं जातेस?"

"रोज."

"आणि तीन वीसला कुठं असते गाडी?"

"शिनोलीच्या पुढं." हे म्हणताना ती चालत होती. मग थांबली.

मला पुढचा प्रश्न विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारला, कारण हॉलनं ऐकायला हवा होता. "तिथं रेंज असते?"

पोरं हसायला लागली. ती हसली नाही. सहा महिने तिनं त्या नियमावर काम केलं होतं, दहा वर्षांच्या प्रत्येक दिवशी तीन वीसला कुणीतरी जाग्यावर असणार असं धरलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ही आता मला आयुष्यभर माफ करणार नाही. मग ती गाडीसाठी पळाली.

आभारप्रदर्शनात माझं नाव घ्यायचं राहून गेलं. नारळ आणि शाल टेबलावर होती, तीही तिथंच राहिली. मला त्यानंतर त्या कॉलेजनं बोलावलेलं नाही, आणि मी ऐकलंय की आसपासच्या दोन कॉलेजांतही सरांनी "त्या बाई फार निगेटिव्ह आहेत" असं सांगून ठेवलंय. सांगू देत. बोलावलं तर जाईन आणि हेच बोलेन. आलेख वर नेणारे भरपूर आहेत, त्यांना टाळ्याही भरपूर मिळतात. माझ्यासारखी एखादी असली म्हणून बाजार बंद पडत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी ती लोणीला माझ्या घरी आली. न सांगता आली, दोन गाड्या बदलून. हातात तेच जर्नल होतं. तिनं सोमवारीच सरांना सांगितलं होतं की अकाउंट देणार नाही. सरांनी नारळ तरीही फोडला, मुलांचे दोन-दोन हजार मात्र परत दिले. तिचे पंचेचाळीस हजार पोस्टात गेले. त्यातले थोडे बाजूला ठेवून ती एकटीच तिचा नियम चालवत होती, प्रत्येक वेळी एकच शेअर घेऊन. "डीमॅटचा खर्चच लई जातोय एका शेअरला," ती म्हणाली, "पण शिकायची फी समजले."

जर्नलमध्ये तिनं दोन रकाने केले होते, टेस्टनं काय केलं आणि मी काय केलं. दुसऱ्या रकान्याची बेरीज पहिल्यापेक्षा बरीच कमी होती, ते मला अपेक्षितच होतं. पण तिनं तिसराही रकाना आखला होता. त्याला नाव दिलं होतं: मी कुठं होते.

मी बोट फिरवत वाचत गेले. एसटीत. एसटीत. प्रॅक्टिकलला. भाताच्या खाचरात, फोन घरी. वेळेवर टाकली. एसटीत. मोबाईल चार्ज नव्हता. वेळेवर टाकली. मग एका ओळीत नुसतं एवढंच होतं: कॉलेजात होते, रेंज होती, घाबरले. आणखी खाली पुन्हा तेच, आणखी खाली पुन्हा.

"एका शेअरला घाबरलीस?" मी विचारलं.

"हा ना. दोनशे रुपयांचा शेअर." तिनं जर्नल माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं. "टेस्टमधी मी एकदा पण भ्याले न्हवते, मॅडम."

मी बारा वर्षांत शेकडो अहवाल बनवले. त्यातल्या एकाही अहवालात तो तिसरा रकाना नव्हता.